ओटीपीच्या आधीचे दोन शब्द

पुण्यात रिक्षाला हात दाखवला की पहिला शब्द अजूनही ठिकाणाचाच असतो. रिक्षा हळू होते, प्रवासी "कोथरूड?" एवढंच विचारतो, आणि आतून मान हलते किंवा "तिकडं नाही" असं उत्तर येतं. त्यात नमस्कार नसतो, रामराम नसतो. तरीही प्रवासी आत बसेपर्यंत दोघांनी एकमेकांचा आवाज ऐकलेला असतो, चेहरा पाहिलेला असतो. जमलं तर प्रवास सुरू होतो, नाही तर रिक्षा पुढे जाते.

अॅपवरून बोलावलेल्या गाडीत हे सगळं आधीच उरकलेलं असतं. कुठून, कुठे, किती भाडं, पैसे कसे द्यायचे, प्रवाशाचं नाव काय, गाडीचा नंबर काय, यातलं बोलायला काहीच उरत नाही. दार उघडून आत बसलं की दोन माणसं एकदम जवळ आलेली असतात, पण त्यांच्यात संवादाची सुरुवात झालेली नसते. अवघडलेपण येतं ते इथून. मग कुणी मोबाइलमध्ये डोकं घालतं, कुणी ओटीपीचे चार आकडे हवेत फेकून खिडकीबाहेर बघायला लागतं, तर कुणी शांतता सहन न होऊन चालकाचं गाव, शिक्षण आणि कमाई एका दमात विचारून घेतं. दारात पार्सल घेऊन आलेल्या मुलासमोर हेच सगळं दहा सेकंदांत घडतं. नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालानुसार देशात 2020-21 मध्ये अशा प्रकारच्या कामावर 77 लाख लोक होते, आणि 2029-30 पर्यंत हा आकडा 2 कोटी 35 लाखांवर जाईल असा अंदाज त्यात मांडला होता. शहरातल्या माणसाला रोज भेटणाऱ्या अनोळखी लोकांमध्ये आता यांचीच संख्या मोठी आहे.

या भेटीत बोलायचं काय, याचं उत्तर त्या कामातच सापडतं. अॅपने सगळं ठरवलं असलं तरी काही गोष्टी माणसालाच करायच्या असतात. आलेला माणूस तोच आहे ना, गाडी तीच आहे ना, रस्ता कुठला धरायचा, पार्सल कुणाच्या हातात द्यायचं. या गोष्टींत नमस्कार मिसळला की तो वेगळा ठरवून करावा लागत नाही, आणि म्हणून जडही होत नाही.

कोथरूडहून पुणे स्टेशनला निघालेला एक प्रवासी डोळ्यांसमोर आणू. संध्याकाळची वेळ, गाडी सात मिनिटांवर. पहिली भेट गाडीच्या दारात होईल असं त्याला वाटतं, पण ती त्याआधीच फोनवर होते. अनोळखी नंबरवरून फोन येतो आणि पहिलंच वाक्य असतं: "सर, कुठं जायचंय? कॅश का ऑनलाइन?" अॅपमध्ये सगळं भरलेलं असताना हा प्रश्न का, म्हणून अनेकांचा आवाज तिथेच चढतो.

या प्रश्नाला कारण आहे. कित्येक वर्षं चालकाला प्रवासी कुठे जाणार हे आधी दिसतच नसे. ओलाने डिसेंबर 2021 मध्ये उतरण्याचं साधारण ठिकाण आणि पैसे देण्याची पद्धत चालकांना आधी दाखवायला सुरुवात केली, उबरने पुढच्या वर्षी तसा बदल जाहीर केला. तोवर फोन करून विचारायची सवय अंगात मुरली होती. पैशाचा प्रश्न तर आजही खरा आहे. सीएनजी रोज भरावा लागतो, आणि अॅपमधून भरलेलं भाडं कंपनीच्या हिशेबातून फिरून येतं. रोख हातात पडली तर संध्याकाळचा पंपावरचा खर्च भागतो. त्यामुळे हा फोन आगाऊपणाचा नसून हिशेबाचा असतो. सरळ उत्तर दिलं तर तोच फोन ओळखीचा होतो: "नमस्कार, पुणे स्टेशनला जायचंय, ऑनलाइन पेमेंट आहे. पिन थोडी मागे दिसतेय, मी मेडिकलच्या दुकानासमोर उभा आहे." इतक्या बोलण्यात चालकाला हवं ते सगळं मिळतं. फेरी त्याला परवडणारी नसेल तर तेही इथेच कळतं, दहा मिनिटं वाट पाहून नव्हे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. फोन उचलणारा चालक बहुतेक वेळा गाडी चालवत असतो. त्याच्याशी दोन वाक्यांत बोलावं आणि फोन ठेवावा.

पुण्यामुंबईत 2025 मध्ये या पहिल्या बोलण्यात आणखी एका विषयाची भर पडली. अॅपवर दिसणारं भाडं परवडत नाही म्हणून अनेक चालक सरकारी यंत्रणेने ठरवलेल्या दराने पैसे मागू लागले आणि त्याचा हिशेब 'ओन्ली मीटर' नावाच्या संकेतस्थळावर दाखवू लागले. प्रवासी गाडीत बसला, गाडी सुटली आणि मग हा विषय निघाला तर दोघांचाही प्रवास कडू होतो. म्हणून फोनवर किंवा दार उघडण्याआधी विचारलेलं बरं: "दादा, अॅपवर दिसतंय तेच भाडं ना?" मान्य असेल तर बसावं, नसेल तर दुसरी गाडी पाहावी. आधी नमस्कार करून विचारलेला पैशाचा प्रश्न भांडणासारखा वाटत नाही, आणि प्रवासात पुढे तो विषय डोक्यात घोळत राहत नाही.

आता गाडी समोर येते. बरेच प्रवासी इथे स्वतःचं नाव सांगून मोकळे होतात, किंवा खिडकीतून विचारतात, "स्टेशनची गाडी ना?" त्यावर कुणीही "हो" म्हणू शकतं. अमेरिकेत साउथ कॅरोलिना राज्यातल्या कोलंबिया शहरात मार्च 2019 मध्ये एक विद्यार्थिनी आपलीच गाडी समजून भलत्याच गाडीत बसली आणि तिचा खून झाला. त्यानंतर तिथे एक साधी सवय लोकांना शिकवली गेली: दार उघडण्याआधी चालकाला विचारायचं, "माझं नाव काय?" खऱ्या चालकाच्या पडद्यावर ते असतंच. मराठीत हा प्रश्न अंगावर आल्यासारखा वाटेल, म्हणून तो थोडा वळवून घ्यावा. आधी नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे जुळवायचे, मग खिडकीशी वाकून म्हणायचं, "नमस्कार दादा, कोणासाठी आलात?" नाव त्याच्या तोंडून आलं की "हो, मीच" म्हणून बसायचं. सुरक्षेची तपासणीही झाली आणि दोन माणसांची ओळखही.

याच्या उलट, चालकाचं नाव घेताना जरा जपावं. अॅपवर नुसतं पहिलं नाव दिसतं आणि काही जण मोकळेपणा दाखवण्यासाठी पन्नाशीच्या माणसाला थेट नावाने हाक मारतात. आपल्याकडे ते खटकतं. शिवाय प्रवासभर नाव घेत राहिलं तर कुणीतरी लक्ष ठेवून आहे असं समोरच्याला वाटू शकतं. ओळख पटवताना एकदा नाव उच्चारलं की ते पुरे होतं.

हाक काय मारायची, यावर मराठी माणूस सर्वांत जास्त अडतो. काका म्हणावं तर तो चाळिशीचा निघतो, भाऊ म्हणावं तर वडिलांच्या वयाचा. मुंबईत सवयीने 'भैया' म्हटलं जातं, पण ते अनेकदा माणसाच्या प्रांताचा अंदाज बांधून म्हटलेलं असतं आणि समोरच्याला तो अंदाज ऐकू जातो. 'दादा' सगळीकडे चालतं, बाई असेल तर 'ताई'. पण यातलं काहीच सुचलं नाही तरी बिघडत नाही, कारण मराठीत मान क्रियापदातच असतो. "जरा इथं थांबता का?", "पुढच्या सिग्नलला डावीकडे घ्या", "एसी थोडा कमी कराल का?" या वाक्यांना हाकेची गरज पडत नाही. उलट "ए दादा, इकडं थांब" यात दादा असूनही मान उरलेला नसतो. ही चूक सर्वांत जास्त होते ती पार्सल घेऊन येणाऱ्या विशी-बाविशीच्या पोरांबाबत. वय कमी दिसतं म्हणून अरे-तुरे सुरू होतं. त्याच वयाच्या बँकेतल्या मुलाला तोच ग्राहक 'अहो' म्हणतो, हे त्या पोराला पक्कं ठाऊक असतं.

पुण्याचा प्रवासी आत बसला आहे. ओटीपी वाचताना एकेक आकडा सावकाश म्हणावा, कारण चालक तो एका बोटाने टाइप करत असतो. गाडी सुटली की एक कामाचा प्रश्न शिल्लक असतो: "मॅपनेच जायचं का, की तुम्हाला दुसरा रस्ता बरा वाटतो?" संध्याकाळी नळ स्टॉप आणि डेक्कनच्या गर्दीचा अंदाज दिवसभर शहरात फिरणाऱ्याला असतो, आणि त्याचं मत विचारलं की तो मोकळा होतो. ज्याला प्रवासात बोलायचं असेल त्याला याहून चांगली सुरुवात सापडणार नाही. ज्याला बोलायचं नसेल त्यानेही एवढं विचारून मग खुशाल गप्प बसावं. सुरुवातीला दोन शब्द झालेले असले की नंतरची शांतता कुणाला टोचत नाही.

बोलावं की नाही हा प्रश्न इतका नाजूक आहे की उबरने मे 2019 मध्ये अमेरिकेतल्या महागड्या गाड्यांसाठी त्याचं बटणच काढलं. गाडी बोलावतानाच प्रवासी 'शांतता हवी' किंवा 'गप्पा चालतील' असं निवडू शकत होता. तेव्हा त्यावर टीकाही झाली, आणि ती रास्त होती, कारण गप्प राहण्याची विनंती माणसाने माणसाला करायची असते. "दादा, आज जरा डोकं दुखतंय, डोळे मिटून बसतो," या वाक्यात कुणाचा अपमान नाही.

बोलण्याचा फायदा प्रत्यक्ष तपासूनही पाहिला गेला आहे. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी 2014 साली शिकागोच्या प्रवाशांवर केलेलं संशोधन प्रसिद्ध झालं. अनोळखी माणसाशी बोललो तर प्रवास कंटाळवाणा होईल असा लोकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात बोललेल्या लोकांना गप्प बसलेल्यांपेक्षा प्रवास अधिक आवडला. त्याहून आपल्या विषयाच्या जवळचं काम तुर्कस्तानात अंकारा इथं झालं आणि 2021 मध्ये छापून आलं. तिथे प्रवाशांना बसचालकाशी गप्पा मारायला सांगितलं नव्हतं. चढताना अभिवादन, उतरताना आभार आणि शुभेच्छा, इतकंच. तेवढ्यानेही प्रवाशांचं मन प्रसन्न झाल्याचं आढळलं.

मात्र या प्रयोगांत मोजलं गेलं ते प्रवाशाचं मन. चालकाची बाजू वेगळी असते. प्रवाशाची ही दिवसातली एखादीच फेरी, चालकाची कदाचित बारावी. प्रत्येक फेरीनंतर त्याला तारे मिळतात, आणि तारे कमी झाले की त्याच्या पोटावर येतं. त्यामुळे कितीही थकलेला असला तरी तो हसून उत्तर देईल. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी 1983 मध्ये विमानातल्या परिचारिकांचा अभ्यास करून दाखवलं होतं की पगारासाठी चेहऱ्यावर ठेवलेलं हसू हेदेखील श्रमच असतात. म्हणून आपुलकीच्या नावाखाली चौकशा करताना प्रवाशाने उत्तरांची लांबी पाहावी. "गाव कुठलं?" हा प्रश्न मराठी माणसाच्या तोंडी सहज येतो. पुण्यात त्याचं उत्तर पुष्कळदा लातूर, बीड किंवा नांदेड असं येतं, आणि कधी त्यातून पाऊसपाण्याच्या छान गप्पा रंगतात. पण उत्तर एका शब्दात आलं आणि उलट प्रश्न आला नाही, तर तिथेच थांबावं. आडनाव आणि दिवसाची कमाई विचारू नये. पहिल्यातून जात शोधली जाते आणि दुसऱ्यातून गरिबी. चालकाच्या कानात इअरफोन असेल, गाडी चौकात अडकली असेल किंवा तो सारखा मॅपकडे बघत असेल, तर गप्पांची ती वेळच नाही.

रात्री एकटीने प्रवास करणाऱ्या बाईसाठी हिशेब आणखी वेगळा आहे. तिने मोकळं बोलावं असं कुणी सांगू नये. "नमस्कार दादा" म्हणून, ओटीपी देऊन, घरच्यांना फोनवर गाडीचा नंबर कळवणं हे पूर्ण सभ्य वागणं आहे. समजूतदार चालकाला त्यात वावगं वाटत नाही.

घराच्या दारातली भेट याहून छोटी आणि अधिक धांदलीची. ती सुरू होते तीही फोनवरच: "सर, गेटवर आलोय." खरं तर गेटवर वॉचमनच्या वहीत नाव लिहून किंवा अॅपमधून परवानगीची वाट बघून तो आधीच ताटकळलेला असतो. अशा वेळी सर्वांत चांगलं स्वागत म्हणजे नीट पत्ता. "हो, या. बी विंग, तिसरा मजला, गेटमधून आत आल्यावर उजवीकडची लिफ्ट." ठाण्याच्या किंवा पिंपरी-चिंचवडच्या मोठ्या सोसायट्यांत चार-चार एकसारख्या इमारती असतात, तिथे या एका वाक्याने त्याच्या दोन फेऱ्या वाचतात. गोड बोलून पत्ता चुकीचा दिला तर त्या गोडव्याला अर्थ नाही.

बेल वाजली की त्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. एका हातात पिशवी, दुसऱ्यात मोबाइल, पाठीवर उघडी बॅग. दार फटीइतकं उघडून, आतून फक्त हात बाहेर काढून पिशवी ओढून घेणं ही जवळपास प्रत्येक सोसायटीत दिसणारी गोष्ट आहे, आणि तिच्याइतकी दुखावणारी गोष्ट दुसरी नसेल. दार नीट उघडावं, जिन्यातला दिवा लावावा, चेहऱ्याकडे बघून "नमस्कार" किंवा "आलात, बरं झालं" म्हणावं. ओटीपी लागणार असेल तर तो आधीच काढून ठेवावा. फोनवर दुसऱ्याशी बोलणं चालू असेल तर पाच सेकंद ते थांबवावं. एवढ्याने सगळं साधतं, त्याला थांबवून ठेवून गप्पा मारायची गरज नाही. त्याच्या मोबाइलवर पुढच्या ऑर्डरची वेळ चालू झालेली असते.

उशीर झाला असेल तर पहिला शब्द सर्वांत महत्त्वाचा ठरतो. "किती वेळ!" असं म्हणण्याआधी अॅपचा पडदा पाहावा. त्यावर ऑर्डर हॉटेलात तयार होतेय, उचलली गेली, रस्त्यात आहे, असे टप्पे दिसतात. अर्धा तास 'तयार होतेय' यातच गेला असेल तर उशीर स्वयंपाकघरात झाला, आणि समोर उभा असलेला माणूस तिथे बाहेर उभा राहून वाटच बघत होता. कधी एकाच वेळी दोन ऑर्डरी दिलेल्या असतात आणि दुसरी आधी पोचवायची असते, तेही अॅप सांगतं. पदार्थ सांडला, वस्तू कमी निघाली, तरी तक्रार अॅपमध्येच करायची असते. पिशवीत काय भरलं हे त्याला माहीत नसतं, कारण पिशवी बंद करूनच त्याच्या हाती मिळते. तेव्हा दारात "आलात ना पावसातून, ठीक आहे" म्हणावं आणि तक्रार योग्य जागी लिहावी.

पाण्याचं विचारणं ही आपल्याकडची जुनी रीत. मे महिन्यात नागपुरात किंवा जळगावात दुपारी आलेल्या माणसाला "पाणी देऊ का?" असं जरूर विचारावं. पण हा प्रश्न 'नको' म्हणता येईल असा असावा. आग्रह केला की तो घाईतही थांबून घोटभर पितो, मनात मात्र घड्याळ चालू असतं. ग्लासऐवजी छोटी बाटली पुढे केली तर ती बरोबर नेता येते. बक्षिसी द्यायची असेल तर अॅपवरून द्यावी किंवा हातात, पण देताना कुणी बघतंय का याकडे लक्ष नसावं.

काही वेळा अॅप आधीच कळवतं की येणाऱ्या व्यक्तीला ऐकू येत नाही किंवा बोलता येत नाही. फोनऐवजी संदेश पाठवा, असं त्यात लिहिलेलं असतं. मुंबईत 'मिरॅकल कुरिअर्स' ही कंपनी असे कर्मचारी घेऊन अॅपच्या या गर्दीआधीपासून पार्सलं पोचवत आली आहे, त्यामुळे हे नवं नाही. गोंधळ होतो तो ग्राहकाचा. तो मोठ्याने बोलायला लागतो, किंवा घाबरून नजर चुकवतो. इथे आपला हात जोडून केलेला नमस्कार कामाला येतो, कारण तो डोळ्यांनी कळतो. समोर उभं राहून नजर मिळवावी, हात जोडावेत, ओटीपी मोबाइलवर मोठा करून दाखवावा, पार्सल बरोबर आहे याची खूण अंगठ्याने करावी. पत्त्याचा संदेश मात्र आधीच नीट लिहून ठेवलेला असावा, कारण ऐन वेळी फोनवर समजावता येत नाही.

स्टेशनची गाडी आता मालधक्क्याच्या बाजूने वळून पोचते आहे. निरोप घ्यायचा तो गाडी थांबण्याच्या जरा आधी. गाडी थांबली की मागचे हॉर्न सुरू होतात, वाहतूक पोलीस पुढे काढायला सांगतात, आणि बहुतेकदा चालकाच्या मोबाइलवर पुढच्या फेरीची घंटा वाजायला लागलेली असते. ऑनलाइन पैसे देणाऱ्याने क्यूआर कोड शेवटच्या सिग्नललाच मागून घ्यावा, पैसे गेल्याचा पडदा चालकाला दाखवावा, आणि त्याने "आले" म्हणेपर्यंत थांबावं. "येतो दादा, धन्यवाद, सांभाळून जा," हे दार उघडण्याआधी म्हणायचं. मग मागून येणाऱ्या दुचाकीचा अंदाज घ्यायचा, सीटवर छत्री किंवा डबा राहिला नाही ना ते पाहायचं, आणि दार हळू लावायचं. तारे द्यायचे राहून जातात, ते फलाटावर गाडीची वाट बघताना देऊन टाकावेत.